भूल देण्याआधीचे चार रकाने

तंबाखू : नाही. ॲलर्जी : नाही. नेहमीची औषधं : बीपीची एक, शुगरची एक. उपाशी राहण्याची सूचना : समजली.

उजव्या बाजूच्या हर्नियासाठी आलेल्या एका बावन्न वर्षांच्या गृहस्थांचा फॉर्म असा भरून माझ्या टेबलावर आला. बाहेर सिस्टरने प्रश्न विचारले होते, काकांनी उत्तरं दिली होती, खाली त्यांची सही होती. सोमवार होता. बुधवारी सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी, असं सर्जननी त्यांना सांगितलं होतं. अर्ध्या तासाने ते माझ्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा यातली चारही उत्तरं बदलली होती आणि ऑपरेशनची तारीखही. काका खोटं बोलले नव्हते आणि सिस्टरने कामचुकारपणाही केला नव्हता. फॉर्ममधल्या शब्दांचा अर्थ आम्ही एक धरतो आणि माणसं दुसरा, एवढंच घडलं होतं. भूलतज्ज्ञ म्हणून माझं निम्मं काम या दोन अर्थांच्या मधल्या जागेत चालतं, म्हणून हा एकच फॉर्म इथे नीट उलगडून सांगते. ओळख पटू नये म्हणून काकांचे काही तपशील बदलले आहेत.

या तपासणीला आम्ही पीएसी म्हणतो. रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, छातीची तपासणी हे सगळं तिच्यात येतंच. पण सकाळी येऊन संध्याकाळी घरी जायच्या ऑपरेशनमध्ये चार रकाने निर्णायक ठरतात: श्वासाची वाट, ॲलर्जी, पोट आणि रोजच्या गोळ्या. वॉर्डात दाखल असलेल्या माणसाचं काही बिनसलं तर रात्रपाळीची सिस्टर बघते. डे-केअरचा पेशंट रात्री स्वतःच्या अंथरुणात असतो आणि त्याच्याकडे बघायला फक्त घरची माणसं असतात. त्यामुळे जे चुकू शकतं ते आधीच ओळखायचं असतं.

काकांपासून सुरुवात करू. मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं आणि म्हटलं, तुमचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घाला. बहुतेक मोठ्या माणसांची तीन बोटं सहज जातात, म्हणजे अंतर साधारण चार सेंटिमीटर किंवा जास्त असतं. काकांची दोन गेली, तीही घासून. गालाच्या आतल्या बाजूला बोट लावलं तर मऊ, ओलसर अस्तराऐवजी पांढुरक्या, ताठ दोऱ्या लागल्या. विचारलं, "काका, तिखट लागतं का हल्ली?" म्हणाले, "तिखट बंदच केलंय. आग होते." मग विचारलं, "पाणीपुरी अख्खी तोंडात जाते?" काकू शेजारी बसल्या होत्या, त्यांनीच उत्तर दिलं, "फोडून खातात."

तंबाखूच्या रकान्यात 'नाही' का लिहिलं होतं, ते मग कळलं. तंबाखू काका खरंच खात नव्हते. वीस वर्षं गुटखा खाल्ला होता आणि तीन वर्षांपूर्वी सोडला होता. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण तो कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या हिशेबी गुटखा वेगळा आणि तंबाखू वेगळा, शिवाय सोडलेली गोष्ट सांगायची कशाला? गावाकडच्या बायका मिश्रीबद्दल असंच म्हणतात. ती दात घासायची असते, खायची नाही, त्यामुळे तीही 'तंबाखू' या शब्दात येत नाही.

माझ्या दृष्टीने मात्र इथे महत्त्वाचा शब्द तंबाखू नाहीच, सुपारी आहे. सुपारी वर्षानुवर्षं चघळली की तोंडाच्या अस्तराखाली घट्ट तंतू साठत जातात आणि गालाची लवचीक कातडी दोरखंडासारखी होते. वैद्यकशास्त्रात याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. 'तंबाखूविरहित' असं पाकिटावर छापलेल्या पानमसाल्यानेही हे होतं, कारण दोष सुपारीचा असतो. सुपारी सोडली म्हणून आकसलेलं तोंड आपोआप मोकळं होत नाही, आणि कॅन्सरचा धोकाही मागे राहतो. म्हणून असं तोंड दिसलं की मी दाताच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देते.

भुलेशी याचा संबंध असा. पूर्ण भूल देताना माणूस झोपतो, स्नायू सैल पडतात आणि त्याचा स्वतःचा श्वास बहुतेक वेळा थांबतो. त्यानंतरचा श्वास आम्ही चालवतो आणि त्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत एक नळी बसवतो. ती बसवताना लॅरिंगोस्कोप नावाच्या उपकरणाचं धातूचं पातं जिभेवरून आत नेऊन जीभ बाजूला उचलावी लागते, तेव्हा स्वरयंत्राचं दार दिसतं. साध्या माणसाचा जबडा जागेपणी थोडा ताठ असला तरी औषधांनी सैल पडतो. काकांच्या तोंडाला स्नायूंनी नाही, व्रणासारख्या तंतूंनी धरलेलं होतं, आणि तंतूंना भुलेचं औषध लागू पडत नाही. झोपवल्यावरही तोंड दोन बोटंच उघडलं असतं. हे आधी माहीत नसेल तर ते कळतं श्वास थांबल्यानंतर, आणि तेव्हा हातात मिनिटं मोजकीच असतात.

फॉर्मवर 'मॅलमपाटी' असा एक रकाना असतो आणि त्यात एक ते चार यांपैकी आकडा लिहायचा असतो. भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ डॉ. मॅलमपाटी यांनी १९८५ साली ही साधी चाचणी मांडली. पेशंटला समोर बसवायचं, तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढायला लावायची, 'आ' म्हणू द्यायचं नाही, आणि मागे काय दिसतं ते बघायचं. पडजीभ पूर्ण दिसली तर एक. नुसती कडक टाळू दिसली आणि मागचं काहीच नाही, तर चार. हा चौथा वर्ग दोन वर्षांनी दुसऱ्यांनी जोडला. चाचणी उपयोगी आहे, पण एकटी तिच्यावर विसंबता येत नाही. चांगला आकडा आलेल्या माणसाची नळी कठीण गेल्याचे आणि वाईट आकड्याच्या माणसाची सहज गेल्याचे अनुभव प्रत्येक भूलतज्ज्ञाकडे आहेत. म्हणून आम्ही तिच्याबरोबर मान मागे किती वळते ते बघतो, हनुवटी आणि कंठमणी यांच्यातलं अंतर बघतो, दात हलतो का, कवळी आहे का, रात्री घोरणं मध्येच थांबून दचकून जाग येते का, हेही विचारतो. आणि पूर्वी कधी भूल दिली असेल तर 'नंतर कुणी तुम्हाला सांगितलं का, की नळी घालताना त्रास झाला?' हा प्रश्न विचारतो. या एका प्रश्नाचं 'हो' बाकी सगळ्या मोजमापांपेक्षा जड असतं. काकांच्या बाबतीत आकडा लिहायची सोयच नव्हती, कारण जीभ पुरेशी बाहेरच येत नव्हती. मी रकान्यात लिहिलं: 'तोंड दोन बोटं, गाल ताठ, सुपारी वीस वर्षं.'

यावर उपाय काय? हर्नियाची जागा कमरेखालची, म्हणून पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करता येतो. मग श्वासाच्या वाटेला हात लावायची वेळच येत नाही. पण इथे एक मोह असतो, 'पाठीतलं इंजेक्शन देतोय ना, मग तोंडाची काय काळजी?' असा. पाठीतलं इंजेक्शन क्वचित लागू पडत नाही, क्वचित नको तेवढं वर चढतं, आणि त्या क्षणी नळी घालावी लागली तर तोंड तेच असतं. म्हणून पाठीत इंजेक्शन द्यायचं असलं तरी असा पेशंट जिथे नाकातून घालायची बारीक, वळणारी दुर्बीण आणि ती वापरणारा हात दोन्ही आहेत, अशाच ठिकाणी घ्यावा असं माझं ठाम मत आहे. ज्या छोट्या सेंटरमध्ये काकांचं ऑपरेशन ठरलं होतं तिथे ती नव्हती. सर्जनना फोन केला, जागा बदलली.

आता ॲलर्जी. हा शब्द मराठीत आला खरा, पण येताना त्याचा अर्थ बदलला. ॲलर्जी आहे का विचारलं की लोक धूळ सांगतात, वांगं सांगतात, कुणी अगरबत्तीचा धूर सांगतं. औषधाशी तो जोडतच नाहीत. मी काकांना विचारलं, "अंगावर कधी पित्त उठलंय?" लगेच म्हणाले, "हो, तीन वर्षांपूर्वी. उष्णता झाली होती."

आपल्याकडे अंगावर गांध्या आल्या, खाज सुटली, की तिला पित्त उठणं म्हणतात आणि दोष जागरणाला, उन्हाला किंवा वांग्याला देतात. मी पुढचे तीन प्रश्न विचारले. त्या दिवशी काय घेतलं होतं? किती वेळाने उठलं? नक्की काय काय झालं? अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेनची गोळी आणली होती. अर्ध्या तासात गांध्या आल्या, मग ओठ आणि पापण्या सुजल्या. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत उतरलं. पुन्हा एकदा दाढदुखीला डायक्लोफेनॅकची गोळी घेतली तेव्हाही ओठ सुजला होता. दोन्ही वेळी घरात 'पित्त' असंच म्हटलं गेलं.

ही खरीखुरी औषधाची प्रतिक्रिया. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही नावं वेगळी असली तरी वेदनाशामकांचं घराणं एकच आहे, आणि काही माणसांना त्या घराण्यातली जवळजवळ सगळीच औषधं बाधतात. नेमकं हेच घराणं हर्नियाच्या ऑपरेशननंतर सर्रास वापरलं जातं. टेबलावर डायक्लोफेनॅक द्यायची पद्धत आहे आणि घरी जाताना त्याच्याच गोळ्या लिहून दिल्या जातात. टेबलावर ओठ सुजला तर मी समोर उभी असते. रात्री दहा वाजता घरी पहिली गोळी घेतल्यावर घसा सुजला असता तर? डे-केअरमध्ये ॲलर्जीचा रकाना ऑपरेशनपुरता नसतो, तो घरी न्यायच्या औषधांच्या चिठ्ठीसाठीही असतो. काकांच्या फॉर्मवर लाल शाईने नोंद झाली आणि वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि जखमेच्या नसांजवळ बधिरतेचं इंजेक्शन असं ठरलं. पॅरासिटामॉल त्यांनी नंतरही अनेकदा त्रासाशिवाय घेतली होती, हेही मी विचारून घेतलं.

याच्या उलटही घडतं. काकूंनी सांगितलं, "दाताच्या इंजेक्शनने यांना चक्कर आली होती, छातीत धडधडलं होतं." ती ॲलर्जी नव्हती. दाताच्या इंजेक्शनमध्ये बहुधा ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, त्याने धडधडतं, आणि भीतीने चक्कर येते. अँटिबायोटिकने जुलाब लागले, गोळीने मळमळलं, हे त्या औषधाचे उपद्रव आहेत, ॲलर्जी नव्हे. सगळंच ॲलर्जी म्हणून लिहिलं तर चांगली औषधं विनाकारण बाद होतात. बधिर करण्याचं औषधच काकांच्या नावाने बाद झालं असतं तर त्यांच्यासाठी सगळ्यात सुरक्षित वाट बंद झाली असती. म्हणून नुसतं औषधाचं नाव लिहून भागत नाही. काय झालं आणि किती वेळात झालं, हे लिहावंच लागतं.

गोळ्यांच्या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'बीपीची एक, शुगरची एक' एवढ्यावर मला काहीच ठरवता येत नाही. काकूंच्या पर्समध्ये पाकिटं होती, ती टेबलावर ओतायला सांगितली. बीपीची गोळी टेल्मिसार्टन निघाली. शुगरची 'एक' गोळी म्हणजे एका गोळीत दोन औषधं होती: मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं आणि आतल्या औषधांची नावं बारीक छापलेली असतात. ती बारीक ओळ वाचली म्हणून तारीख बदलली.

डॅपाग्लिफ्लोझिन हे गेल्या काही वर्षांत फार वापरात आलेलं चांगलं औषध आहे. ते रक्तातली साखर लघवीतून बाहेर टाकतं. मधुमेहासाठी, हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी त्याचा फायदा आहे. पण माणूस उपाशी असताना आणि ऑपरेशनचा ताण असताना त्याचा एक घातक पैलू पुढे येतो. साखर लघवीतून जातच राहते, पोटात नवीन अन्न नसतं, इन्सुलिन कमी पडतं, मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. मधुमेहातली कीटोनची ही अवस्था डॉक्टरांना जुन्या काळापासून माहीत आहे, पण तेव्हा साखर तीनशे-चारशेच्या वर गेलेली असायची, त्यामुळे लगेच संशय यायचा. या औषधावर असलेल्या माणसाची साखर लघवीतून निघून जात असल्याने दीडशे-दोनशेच दिसू शकते. बोटाला टोचून बघितलं तर मीटर म्हणतं सगळं ठीक, आणि रक्त मात्र आम्लाचं झालेलं असतं.

आता हे डे-केअरमध्ये कसं दिसेल याचा विचार करा. माणूस संध्याकाळी घरी गेला. रात्री मळमळ, उलटी, पोटात दुखणं, थकवा, श्वास जोरजोरात. घरचे म्हणणार, भूल उतरतेय, होतं असं. शुगर तपासली, १६० आली, मग तर सगळे निश्चिंत झोपणार. यामुळेच २०२० पासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं आहे की ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या आधी हे औषध किमान तीन दिवस बंद असावं. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली ही सगळी मंडळी. त्यातल्या एर्टुग्लिफ्लोझिनसाठी चार दिवस.

सोमवारी तपासणी आणि बुधवारी ऑपरेशन, यात तीन दिवस बसत नव्हते. त्यांच्या फिजिशियनशी बोलून ऑपरेशन पुढच्या सोमवारवर नेलं. ही जोडगोळी शेवटची गुरुवारी सकाळी. शुक्रवार, शनिवार, रविवार तिच्याऐवजी नुसती मेटफॉर्मिन, आणि रोज दोनदा शुगर बघायची. सोमवारी सकाळी मधुमेहाची कुठलीही गोळी नाही. टेल्मिसार्टन शेवटची रविवारी सकाळी, सोमवारची चुकवायची. याचं कारण, या गटातल्या गोळ्यांमुळे भुलेखाली बीपी एकदम खाली येऊ शकतं. याबाबत सगळ्या भूलतज्ज्ञांचं एकमत नाही, काहीजण ती चालू ठेवतात. साध्या बीपीसाठी घेतलेली असेल तर मी ती एक दिवस चुकवायला सांगते. मात्र हे पाहून कुणी हृदयाच्या ठोक्यांची गोळी, थायरॉइडची गोळी किंवा फिटची गोळी आपल्या मनाने चुकवू नये. त्या बहुतेक वेळा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. आणि स्टेंट असलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता थांबवली तर स्टेंट बंद पडू शकतो.

लोक ज्याला 'औषध' मानतच नाहीत तेही विचारावं लागतं. शक्तीची गोळी, झोपेची गोळी, काढा, वजन कमी करायला आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन. हे इंजेक्शन पोट हळू रिकामं करतं, म्हणजे माणूस नीट उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं. आणि सांध्यांच्या दुखण्यावर कुठून तरी आणलेली बिनलेबलची पुडी. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी सापडलं आहे. महिनोन्महिने ते पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं आणि ऑपरेशनच्या ताणात बीपी टिकत नाही. गोल झालेला चेहरा आणि हातावर जरासा धक्का लागला तरी उमटणारे काळेनिळे डाग दिसले की मी पुडीबद्दल विचारतेच.

राहिला उपाशीचा रकाना, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. अनेक वर्षं मीही पेशंटना 'सकाळी उपाशी या' एवढंच सांगत होते. एका बाईंचं सकाळी अकराचं ऑपरेशन होतं. "उपाशी आहात ना?" म्हटलं, तर मनापासून म्हणाल्या, "हो, उपासच आहे. साडेसहाला थोडी साबुदाण्याची खिचडी घेतली फक्त." त्यांची काय चूक? आपल्या भाषेत उपास म्हणजे न खाणं नव्हे, ठरावीक पदार्थ खाणं. खिचडीत दाण्याचं कूट, तूप, बटाटा, म्हणजे पोटात सगळ्यात जास्त वेळ राहणारं अन्न. त्यांचं ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. दुसऱ्या टोकाला असतात निर्जळी माणसं. रात्री नऊला जेवून दुपारी दोनपर्यंत थेंबभर पाणी न घेतलेली. त्यांचं डोकं दुखतं, शीर सापडत नाही, नंतर मळमळ जास्त होते. आणि त्या दोघांच्या मध्ये 'फक्त चहा घेतला' म्हणणारी बहुसंख्या.

नियमामागचं कारण असं. जागेपणी अन्ननलिकेच्या खालची झडप अन्न वर येऊ देत नाही, आणि आलंच तर ठसका लागतो. भुलेत झडप सैल होते आणि ठसका नाहीसा होतो. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर घन अन्नाने वाट अडते आणि आम्लाने फुप्फुस भाजतं. न्यूयॉर्कचे डॉ. मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासून ६६ स्त्रियांमध्ये असं झाल्याचं दाखवलं, तेव्हापासून रिकाम्या पोटाचा आग्रह पक्का झाला. पुढे तो नको तेवढा ताणला गेला आणि 'रात्री बारानंतर काहीच नाही' अशी सरसकट सूचना रूढ झाली. आजचे नियम पदार्थ बघून ठरवलेले आहेत. ज्यातून आरपार दिसतं असं पेय, म्हणजे पाणी, कोरा चहा, मलई नसलेलं नारळपाणी, गाळलेलं सरबत, भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. आईचं दूध चार तास. गाईम्हशीचं दूध किंवा हलकं खाणं सहा तास. तळकट, तुपकट असेल तर आठ तास.

दूध पातळ असूनही खाण्यात का मोजतात? पोटातल्या आम्लात दूध फाटतं, त्याचा चोथा होतो आणि तो अन्नासारखाच हळू पुढे सरकतो. दुधाचा चहा म्हणून पाण्यात मोजायचा नाही. ताकही नाही. या हिशेबात आणखी एक अट असते. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असेल तर पोटाच्या नसा मंदावतात आणि सहा तासांतही पोट पुरतं रिकामं होत नाही. म्हणून मी काकांना विचारलं, "थोडं खाल्लं तरी पोट गच्च होतं? रात्रीचं जेवण सकाळी करपट ढेकरात येतं?" दोन्हींना 'नाही' आलं.

आता मी घड्याळ आणि पदार्थ दोन्ही लिहून देते. काकांच्या कागदावर असं लिहिलं: 'रविवारी रात्री नऊपर्यंत साधं जेवण. नंतर खाणं नाही, दूध नाही, दुधाचा चहा नाही, उपासाचे पदार्थही नाहीत. सोमवारी सकाळी आठपर्यंत साधं पाणी प्यायचं, चुकवायचं नाही. आठनंतर पाणीही नाही.' मग काकूंना म्हटलं, आता हे मला तुमच्या शब्दांत सांगा. त्यांनी नीट सांगितलं, तेव्हाच 'सूचना समजली' समोर खूण केली. पेशंटने परत सांगितल्याशिवाय ती खूण करू नये असं माझं मत आहे.

सोमवारी दहा वाजता यादीत काका पहिले होते. मधुमेहाच्या माणसाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवू नये म्हणून. शुगर १४२ होती, कीटोनची तपासणी स्वच्छ आली. नाकातून घालायची दुर्बीण ट्रॉलीवर तयार होती, ती वापरावी लागली नाही. पाठीतल्या छोट्या डोसमध्ये जाळी बसवून झाली. दुपारी त्यांनी चहा-बिस्किटं घेतली, लघवी मोकळी झाली, आधाराशिवाय चालले, आणि साडेपाचला काकू आणि मुलगा त्यांना घेऊन गेले. जाताना दोघांना सांगितलं, आज रात्री एकटं सोडायचं नाही. दोनपेक्षा जास्त उलट्या झाल्या किंवा श्वास जोरात चालला तर शुगर कितीही चांगली दिसो, फोन करून दवाखान्यात यायचं. आणि ती जोडगोळी नेहमीसारखं जेवण सुरू झाल्यावर, फिजिशियनना विचारूनच.

एक कागद मी त्यांच्या हातात वेगळा दिला. त्यावर तीन ओळी होत्या: तोंड दोन बोटंच उघडतं, नळी घालणं कठीण जाईल. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक देऊ नये, ओठ व पापण्या सुजतात. डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे, ऑपरेशनआधी तीन दिवस बंद करावी. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या ऑपरेशननंतर असा कागद मागून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी गाव वेगळं असेल, भूलतज्ज्ञ वेगळा असेल, कदाचित रात्रीचे दोन वाजले असतील आणि पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसेल. तेव्हा तो फोटो आधी दाखवा.